भागधारक बदलले की तोट्याचे काय होते?

नव्या कंपनीची पहिली काही वर्षे बहुधा तोट्यात जातात. पगार, जाहिरात, सॉफ्टवेअर, भाडे हा खर्च आधी होतो आणि उत्पन्न मागाहून येते. प्राप्तिकराच्या हिशेबात हा तोटा वाया जात नाही. धंद्यातला तोटा पुढची आठ वर्षे पुढे ओढता येतो आणि नफा झाला की त्यातून वळता करता येतो. मात्र ज्या वर्षी तोटा झाला त्या वर्षाचे विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. सवलतींवर पाणी सोडून २२ टक्क्यांचा दर निवडणाऱ्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के कर पडतो. त्या दराने १ कोटीचा शिल्लक तोटा पुढे साधारण २५ लाख १७ हजार रुपयांचा कर वाचवतो.

एरवी करदाती कंपनी असते, तिचे भागधारक नव्हेत. या एका प्रश्नात मात्र कायदा कंपनीच्या मागे उभी असलेली माणसे कोण, हे विचारतो. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातले कलम ७९ त्यासाठी आहे. बुडीत कंपनी तिच्या तोट्यासाठी विकत घ्यायची, तिच्यात आपला फायद्याचा धंदा घालायचा आणि दुसऱ्याच्या तोट्यावर आपला कर चुकवायचा, ही युक्ती रोखणे हा त्याचा हेतू. कलमाच्या जुन्या रूपात भागधारकांतला बदल कर चुकवण्यासाठी झाला आहे का, याचा विचार होत असे. पुढे ती भाषा गेली आणि आकड्यांची अट तेवढी उरली. त्यामुळे हेतू कितीही स्वच्छ असला तरी आकडा चुकला की तोटा बुडतो. गुंतवणूकदार आणल्याशिवाय जगूच न शकणाऱ्या स्टार्टअपला ही अट जाचते ती यामुळेच.

अट अशी. शेअर बाजारात नसलेल्या, खाजगी हातांतल्या कंपनीत एखाद्या वर्षी भागधारकांत बदल झाला, तर दोन तारखांची तुलना करायची. एक, तोटा झाला त्या वर्षाचा ३१ मार्च. दुसरी, तोटा वळता करायचा त्या वर्षाचा ३१ मार्च. पहिल्या तारखेला ज्यांच्याकडे निदान ५१ टक्के मतांचे शेअर होते, त्यांच्याकडेच दुसऱ्या तारखेलाही निदान ५१ टक्के मते असली पाहिजेत. तोट्याच्या प्रत्येक वर्षाची तुलना वेगळी होते. म्हणून एकाच कंपनीचा २०२० चा तोटा बुडतो आणि २०२३ चा तरतो, असेही घडते.

यात ‘मते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भारतात गुंतवणूक फंड पुष्कळदा सक्तीने इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर घेतात. अशा शेअरला सर्वसाधारण मताधिकार नसेल, तर फंडाने कितीही कोटी ओतले तरी ५१ टक्क्यांचे गणित जागचे हलत नाही. ते हलते रूपांतराच्या दिवशी. उलट कंपनीच्या नियमावलीत या शेअरना पहिल्या दिवसापासून इक्विटीसारखेच मत दिलेले असेल, तर बदल त्याच दिवशी झाला असे मानावे लागते. म्हणून भागधारकांच्या यादीतली टक्केवारी पाहून निष्कर्ष काढू नये. आधी नियमावली वाचावी.

स्टार्टअपसाठी वेगळी वाट २०१७ च्या वित्त कायद्याने काढली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पीय भाषणात अरुण जेटली यांनी ५१ टक्क्यांची अट सैल करताना मूळ प्रवर्तकांची मालकी टिकून राहण्याची अट सांगितली होती. कायद्यात उतरले ते याहून कडक. तोट्याच्या वर्षअखेरीस मताधिकाराचे शेअर ज्यांच्याकडे होते, त्या सर्व भागधारकांनी ते शेअर पुढेही धरून ठेवले पाहिजेत, असे कलम सांगते. नुसते प्रवर्तक टिकून भागत नाही. सुरुवातीला दोन-पाच लाख घालणारा नातेवाईक किंवा जुना वरिष्ठ सहकारीही त्यात येतो.

गंमत अशी की पहिली दोन वर्षे पात्र स्टार्टअपला ही एकच वाट होती. ५१ टक्क्यांची वाट इतरांना होती, तिला नव्हती. एका छोट्या भागधारकाने शेअर विकले, तर साध्या कंपनीचा तोटा वाचायचा आणि सवलतवाल्या स्टार्टअपचा बुडायचा. २०१९ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने हे दुरुस्त केले. तेव्हापासून स्टार्टअपला दोहोंपैकी कोणतीही एक अट पुरते. आधी ५१ टक्के पाहायचे, ते जमत नसेल तर सर्व भागधारक टिकून आहेत का ते पाहायचे. दुसरी वाट कंपनी स्थापन झाल्यापासूनच्या ठरावीक वर्षांतल्या तोट्यालाच मिळते. ही मुदत सात वर्षांची होती, २०२३ मध्ये ती दहा वर्षांची झाली.

ही दुसरी वाट प्रत्येक स्टार्टअपला खुली नाही. कलमात ‘पात्र स्टार्टअप’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ कलम ८०-आयएसीमधून घेतलेला आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची मान्यता त्यासाठी पुरत नाही. आंतरमंत्रालयीन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र लागते. मान्यताप्राप्त स्टार्टअपची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली, तरी मे २०२५ मधल्या सरकारी निवेदनानुसार हे प्रमाणपत्र तोवर ३,७०० हून थोड्या अधिक कंपन्यांनाच मिळाले होते. मान्यतेचा कागद हाती आहे म्हणजे तोट्याची सवलतही आहे, असे समजणारे प्रवर्तक कमी नाहीत. त्यांचा गैरसमज बहुधा पहिल्या नफ्याच्या वर्षी फिटतो.

हे सगळे एका उदाहरणात पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्याची घडण पुण्या-बंगळूरच्या कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीत सापडेल अशी आहे.

दोन मित्रांनी मे २०१९ मध्ये खाजगी कंपनी काढली. दोघांचे प्रत्येकी ५० हजार शेअर. पहिल्या वर्षी ६० लाखांचा तोटा झाला. २०२०-२१ मध्ये एका ओळखीच्या उद्योजकाने पैसे घातले आणि त्याला २५ हजार नवे शेअर दिले गेले. त्या वर्षीचा तोटा १ कोटी ४० लाख. २०२१-२२ मध्ये पहिला फंड आला आणि त्याने ७५ हजार नवे शेअर घेतले. एकूण शेअर आता २ लाख झाले. त्या वर्षी तोटा ३ कोटी, पुढच्या वर्षी अडीच कोटी आणि २०२३-२४ मध्ये ५० लाख. पाच वर्षांची बेरीज ८ कोटी. घसारा वेगळा धरला आहे, तो या आकड्यात नाही. सर्व शेअरना सारखे मत आहे, विवरणपत्रे वेळेवर गेली आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसरा फंड आला आणि त्याला १ लाख नवे शेअर मिळाले. एकूण ३ लाख. याच वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, कंपनीला प्रथमच ३ कोटींचा नफा झाला. पुढच्या वर्षी ५ कोटींचा. दोन्ही नफ्यांची बेरीज नेमकी ८ कोटी, म्हणजे सगळा तोटा शाबूत राहिला तर दोन वर्षे कर शून्य. सगळा बुडाला तर वरच्या दराने २ कोटी १ लाख ३४ हजार.

प्रथम कोणीच शेअर विकले नाहीत असे धरू. ३१ मार्च २०२५ रोजी दोन्ही मित्रांकडे मिळून १ लाख शेअर, म्हणजे एक तृतीयांश मते. २०१९-२० च्या तोट्याच्या वेळी भागधारक तेवढे दोघेच होते. त्यांची मते ३३ टक्क्यांवर आल्याने तो तोटा ५१ टक्क्यांच्या अटीत बसत नाही. २०२०-२१ च्या तोट्यासाठी उद्योजकाचे २५ हजार मिळवले तरी बेरीज ४२ टक्क्यांखालीच राहते. तोही बसत नाही. २०२१-२२ पासून मात्र पहिला फंडही जुन्या मंडळींत मोजला जातो. त्याच्यासह बेरीज २ लाख, म्हणजे दोन तृतीयांश. त्या तीन वर्षांचा ६ कोटींचा तोटा वाचतो. प्रमाणपत्र नसलेल्या कंपनीचे पहिले २ कोटी बुडतील आणि ५० लाख ३४ हजार कर पडेल. प्रमाणपत्र असेल तर ते २ कोटीही वाचतील. जुन्या भागधारकांपैकी कोणी गेलेला नाही, त्यांचा वाटा नव्या शेअरमुळे फक्त पातळ झाला आहे.

स्टार्टअपच्या सवलतीचे मर्म इथे आहे. नवे शेअर निघून जुन्यांचा टक्का घटला तर ती सांभाळून घेते. जुना माणूस बाहेर पडला तर सांभाळत नाही.

आता दुसरी शक्यता. नव्या फंडाच्या फेरीतच उद्योजकाने आपले सगळे २५ हजार शेअर त्या फंडाला विकले. चार वर्षे थांबल्यावर त्याने पैसे मोकळे करणे स्वाभाविकच आहे. २०१९-२० च्या अखेरीस तो भागधारक नव्हता, त्यामुळे प्रमाणपत्रधारक कंपनीचा त्या वर्षाचा ६० लाखांचा तोटा त्याच्या जाण्याने बिघडत नाही. २०२०-२१ च्या अखेरीस तो होता. त्या वर्षाचे १ कोटी ४० लाख बुडतात आणि कर ३५ लाख २४ हजारांनी वाढतो. पुढच्या वर्षांसाठी दोघे मित्र आणि पहिला फंड यांची बेरीज १ लाख ७५ हजार, म्हणजे ५८ टक्के. ६ कोटी ५१ टक्क्यांच्या वाटेने सुखरूप राहतात. उद्योजकाने २५ हजारांपैकी पाचच हजार विकले असते तरी २०२०-२१ चा तोटा गेला असता. कलम ‘ते शेअर’ धरून ठेवायला सांगते, त्यातले काही नव्हे.

तिसरी शक्यता सर्वांत महाग आहे. उद्योजक जागेवर आहे, पण दोघा मित्रांपैकी एकजण कंपनी सोडतो आणि आपले ५० हजार शेअर त्याच फेरीत नव्या फंडाला विकतो. तो पहिल्या दिवसापासूनचा भागधारक, त्यामुळे सर्व भागधारकांची वाट पाचही वर्षांसाठी बंद होते. उरते ५१ टक्क्यांची. राहिलेल्या मित्राचे ५० हजार, उद्योजकाचे २५ हजार आणि पहिल्या फंडाचे ७५ हजार मिळून होतात दीड लाख. तीन लाखांतले दीड लाख म्हणजे बरोबर ५० टक्के. एका टक्क्याने अट चुकते आणि ८ कोटींचा सगळा तोटा जातो. दोन वर्षांत २ कोटी १ लाख ३४ हजार कर.

५१ टक्क्यांना १ लाख ५३ हजार शेअर लागतात. जाणाऱ्या मित्राने ५० हजारांऐवजी ४७ हजार विकले असते आणि ३ हजार स्वतःकडे ठेवले असते, तर शेवटच्या तीन वर्षांचे ६ कोटी वाचले असते. कर राहिला असता ५० लाख ३४ हजार. तीन हजार शेअरच्या पोटी १ कोटी ५१ लाखांचा फरक पडतो. मात्र ते ३ हजार खरोखर त्याचेच असायला हवेत. नावावर त्याचे आणि लाभ फंडाचा, असा करार झाला तर ते मोजले जात नाहीत, कारण कलम लाभाची मालकी पाहते.

तारखेचाही उपयोग आहे. तुलना ३१ मार्चची असल्यामुळे तोच मित्र १ एप्रिल २०२५ ला बाहेर पडला असता, तर प्रमाणपत्र असलेल्या कंपनीला २०२४-२५ चा ३ कोटींचा नफा जुन्या तोट्यातून पूर्ण झाकता आला असता. एका दिवसाने ७५ लाख ५० हजारांचा कर टळला असता. सर्वांत जुना तोटा आधी वापरला जात असल्याने पहिली दोन वर्षे त्यातच संपली असती. शिवाय त्याने ३ हजार शेअर ठेवले असते, तर उरलेले ५ कोटी पुढच्या वर्षी ५१ टक्क्यांच्या अटीत बसून दोन्ही वर्षे कर शून्य झाला असता. फेरीचा करार करताना मूल्यांकनावर महिनाभर घासाघीस होते. ही तारीख मात्र कोणी पाहत नाही.

काही बदल कायदा मोजतच नाही. भागधारकाचा मृत्यू होऊन शेअर वारसांकडे गेले किंवा त्याने ते नातेवाइकाला बक्षीस दिले, तर त्या बदलाला कलम लागू होत नाही. दिवाळखोरी संहितेखाली मंजूर झालेल्या योजनेने मालकी बदलली, तर प्राप्तिकर आयुक्तांना म्हणणे मांडण्याची संधी दिलेली असल्यास तिथेही सूट आहे. प्रवर्तकाने विकत्या फंडाऐवजी पत्नीला शेअर बक्षीस दिले तर तोटा सुरक्षित राहतो, हे त्यातून निघते.

घसाऱ्याची गोष्ट निराळी. नफा नसल्यामुळे वापरायचा राहिलेला घसारा कलम ७९ च्या कक्षेत येत नाही, असे न्यायालयांनी मानले आहे. त्याला आठ वर्षांची मर्यादाही नाही. यंत्रे किंवा चार्जिंग केंद्रे उभारणाऱ्या कंपनीच्या तोट्यात घसाऱ्याचा वाटा मोठा असतो, म्हणून मालकी बदलली तरी तिचे बरेच काही शिल्लक राहते. सॉफ्टवेअर कंपनीचा खर्च पगारात जातो, त्यामुळे तिला हा आधार थोडाच मिळतो. विवरणपत्र भरताना तोटा आणि घसारा वेगळे दाखवणे म्हणूनच गरजेचे आहे.

दोन ठिकाणी चूक नकळत होते. पहिले, कर्मचाऱ्यांचे शेअर-पर्याय. पर्याय हातात असेपर्यंत कर्मचारी भागधारक नसतो. त्याने पैसे भरून शेअर घेतले की तो भागधारक होतो. त्या वर्षअखेरीस त्याच्या नावावर शंभर शेअर असले, तरी पुढे तो ते विकून गेला की त्या वर्षाच्या तोट्यासाठी सर्व भागधारकांची वाट बंद. नोकरी बदलणाऱ्या एखाद्या अभियंत्यामुळे असे होऊ शकते, हे आर्थिक विभागाच्या ध्यानीही नसते.

दुसरे, धारक कंपनीची मांडणी. परदेशी गुंतवणुकीसाठी सिंगापूर किंवा डेलावेअरमध्ये कंपनी काढून प्रवर्तक आपले भारतीय शेअर तिच्या नावे करतात. शेवटी मालक तेच असले तरी भारतीय कंपनीच्या यादीतून त्यांचे नाव जाते. समूहातल्या समूहात शेअर फिरले तर तोटा टिकतो का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. ॲम्को पॉवर सिस्टिम्सच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, तर यम रेस्टॉरंट्सच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तोटा नाकारला. स्टार्टअपच्या वाटेत तर वाद घालायलाही फारशी जागा नाही, कारण मूळ भागधारकाने ‘ते शेअर’ ठेवलेलेच नसतात.

चूक झाली तर ती उघड व्हायला वेळ लागत नाही. कर लेखापरीक्षणाच्या ३-सीडी अहवालातल्या ३२ व्या मुद्द्यात, भागधारकांतल्या बदलामुळे मागचा तोटा कलम ७९ नुसार पुढे नेता येत नाही असे झाले आहे का, हे लेखापरीक्षकाला थेट लिहावे लागते. आयटीआर-६ या विवरणपत्रात खाजगी कंपनीला भागधारकांची यादी द्यावी लागते आणि स्टार्टअपसाठी तिची अनुसूची वेगळी आहे. शेअर वाटपाचे कागद कंपनी निबंधकाकडेही गेलेले असतात. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर विचारणा होते, आणि बुडालेला तोटा वळता केलेला आढळला तर कर व्याजासह भरावा लागतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या अधिनियमाची जागा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ ने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी ५१ टक्क्यांचे तत्त्व कायम आहे. गुंतवणुकीच्या फेरीवर सही करण्यापूर्वी प्रवर्तकांनी आपल्या सनदी लेखापालाकडून एकच तक्ता मागवावा. त्यात डावीकडे तोट्याचे प्रत्येक वर्ष, पुढे त्या वर्षीच्या ३१ मार्चचे भागधारक आणि शेवटी फेरीनंतर त्यांच्याकडे उरणारी मते असावीत. कोणी किती शेअर विकायचे आणि कोणत्या तारखेला, हे तो तक्ता पाहिल्यावरच ठरवावे.